जपानमध्ये उतरल्यावर ई-सिम सुरू केलं, त्याचा अनुभव

माझा धाकटा भाऊ नागोयाला नोकरी करतो. गेली कित्येक वर्षं आईला तिकडे न्यायचं चाललं होतं, ते अखेर २०२५ च्या एप्रिलमध्ये जमलं. व्हिसा, तिकिटं, आईची औषधं, थालीपीठाची भाजणी, सगळं वेळेत झालं. मला खरी काळजी होती ती उतरल्यानंतरच्या पहिल्या तासाची. भाऊ विमानतळावर येऊ शकणार नव्हता. तो कामावरून सुटून थेट नागोया स्टेशनवर भेटणार होता. म्हणजे विमानतळ ते स्टेशन एवढा प्रवास मला आईला घेऊन करायचा होता आणि गाडी चुकली, फलाट चुकला तर त्याला कळवायला फोन चालू हवा होता.

आपल्या सिमचं रोमिंग घ्यावं की तिकडचं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, यावर घरात बरीच चर्चा झाली. आमचा मुक्काम पंधरवड्याचा होता आणि नकाशा, भाषांतराचं ॲप, आईचे घरी रोजचे व्हिडिओ कॉल धरले तर डेटा भरपूर लागणार होता. म्हणून जपानी कंपनीचं ई-सिम घ्यायचं ठरलं. ते सुरू करताना कुठला पडदा काय सांगतो हे आधी नीट वाचून गेले, म्हणून धांदल झाली नाही. ज्यांना पहिल्यांदाच हे करायचंय त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहून ठेवते.

सगळ्यात आधी फोन ई-सिम घेतो का ते पाहिलं. डायल पॅडवर हे टाईप केलं:

```
*#06#
```

पडद्यावर १५ आकडी आयएमईआय येतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच पडद्यावर `EID` अशी आणखी एक ओळ दिसली आणि तिच्यापुढे ३२ आकडे असले, तर फोनच्या आत ई-सिमची चिप आहे. माझ्या सॅमसंगमध्ये ती ओळ होती. आईच्या जुन्या फोनमध्ये नव्हती, म्हणजे तिच्यासाठी वेगळं ई-सिम घेण्यात अर्थ नव्हता. माझ्या फोनचा हॉटस्पॉट दोघींना पुरेल असं ठरवलं आणि त्या हिशेबाने डेटा जरा जास्त घेतला.

११ मार्चला खरेदी केली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या ट्रॅव्हल ई-सिम कंपन्यांची ॲप्स ॲपल आणि गुगलच्या स्टोअरमधून भारतापुरती काढली गेली. त्यामुळे जुन्या सल्ल्यांमध्ये वाचलेली नावं शोधून सापडली नाहीत तर गोंधळून जाऊ नका. मी भावाने सुचवलेल्या जपानी कंपनीच्या साईटवरूनच घेतलं. १५ दिवस, १० जीबी, फक्त डेटा, ३,००० येन. जपानमध्ये बोलण्याची लाइन घ्यायची तर ओळखपत्र तपासावं लागतं. प्रवाशांसाठीची बरीचशी ई-सिम म्हणूनच फक्त डेटाची असतात. कार्डाने पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करावा लागला, कारण आपल्याकडची कार्डं आता मुळात देशांतर्गत वापरापुरतीच सुरू करून मिळतात. बँकेचा साडेतीन टक्के आकार आणि त्यावरचा जीएसटी धरून सगळं मिळून साधारण १,८०० रुपये पडले.

पैसे भरल्यावर थोड्याच वेळात मेल आली. त्यात एक क्यूआर कोड, त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी, एक तक्ता आणि बऱ्याच जपानी सूचना. मी लगेच भावाला फोन लावला.

"ताई, पुण्यात स्कॅन करू नकोस हं," तो म्हणाला. "आधी दिवस कुठून मोजतात ते बघू."

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं असतं. काही कंपन्या फोन त्या देशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडला जातो तेव्हापासून दिवस मोजतात. अशा वेळी घरच्या वायफायवर निवांत इन्स्टॉल करून जाणं सगळ्यात सोयीचं. काही इन्स्टॉल केल्याच्या दिवसापासून मोजतात. पुण्यात हौसेने स्कॅन केलं तर जाण्याआधीच दिवस कमी व्हायला लागतात. आमच्या मेलमध्ये हेच होतं: फोनमध्ये उतरवून घेतल्याची तारीख हा पहिला दिवस, आणि तो दिवस जपानी वेळेनुसार रात्री बाराला संपतो. म्हणून सगळं तिथे उतरल्यावरच करायचं ठरलं. शिवाय सुरू करून देण्याची विनंती जपानी वेळेनुसार रात्री नऊपर्यंतच घेतली जाईल, नंतर आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली जाईल, अशीही ओळ होती. आमचं विमान संध्याकाळी उतरणार होतं, म्हणून ही वेळ मी डायरीत वर लिहून ठेवली.

त्या क्यूआर कोडमध्ये असतं तरी काय, हे भावाने मला समजावलं आणि तिथून माझी भीती बरीच कमी झाली. त्यात सिम नसतंच. त्यात एक छोटी ओळ असते, साधारण अशी (ही नमुन्याची आहे):

```
LPA:1$rsp.example.jp$ABCD-1234-EFGH
```

डॉलरच्या खुणांनी तिचे तुकडे पडतात. मधला तुकडा म्हणजे कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, शेवटचा तुकडा म्हणजे तिथे माझ्यासाठी राखून ठेवलेल्या सिमची खूण. फोन स्कॅन करताना फक्त हे वाचतो. मग त्या पत्त्यावर जाऊन सिमची माहिती उतरवून घेतो, ते झालं इन्स्टॉल. आणि कंपनी आपल्या बाजूने ती लाइन उघडते तेव्हा होतं ॲक्टिव्हेट. गॅसचा सिलिंडर घरात आला म्हणजे शेगडी पेटली असं होत नाही, तसंच इन्स्टॉल आणि ॲक्टिव्हेटचं आहे. ही तीन कामं वेगळी आहेत आणि तीन वेगळ्या ठिकाणी होतात: पहिलं कॅमेऱ्यात, दुसरं फोन आणि सर्व्हरमध्ये, तिसरं कंपनीच्या नेटवर्कमध्ये. अडलं तर नेमकं कुठे अडलंय हे त्यावरूनच कळतं.

क्यूआर ज्या फोनवर आला त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. नव्या फोनमध्ये गॅलरीतलं चित्र निवडायची सोय असते, पण मी कर्वे रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मेलची सगळी पानं छापून घेतली. कोड मोठा आणि स्पष्ट यायला हवा, कागदाची घडी त्यावरून जाता कामा नये. कागदाचा दुसरा फायदा म्हणजे स्कॅन झालंच नाही तर कोडखालच्या दोन ओळी बघून हाताने टाईप करता येतात. मी त्या ओळींमध्ये शून्य कुठलं आणि ओ कुठला हे मेलवरून ताडून कागदावर पेनने खूण करून ठेवलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आपल्या भारतीय सिमची व्यवस्था लावली. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार, म्हणून ते सिम बंद करून चालणार नव्हतं. कंपनीला विचारून आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू करून घेतली, म्हणजे येणारे एसएमएस मिळतील, पण फोनमधला त्या सिमचा `Data roaming` बंद ठेवला. हे दोन्ही वेगळे आहेत. एक सेवा कंपनीकडे चालू असते, दुसरं बटण आपल्या हातात असतं. एका सिमचा डेटा नीट चालला नाही तर फोनने आपणहून दुसऱ्या सिमवर उडी मारायची, अशी एक सोय सॅमसंगमध्ये असते, तीही बंद केली. नाहीतर ई-सिम जरा अडखळलं की फोन भारतीय सिमवरून महागडा डेटा ओढायला लागतो.

मुंबईहून हाँगकाँगला विमान बदलून आम्ही २ एप्रिलला संध्याकाळी नागोयाच्या चुबू सेंट्रेअर विमानतळावर उतरलो. हाँगकाँगला वेळ होता, हातात कागद होता, पण तिथे मी काही केलं नाही. आमचं ई-सिम फक्त जपानचं होतं. ज्यांचं अनेक देशांत चालणारं असेल त्यांनी तर मधल्या विमानतळावर ते मुळीच चालू करू नये, कारण तिथल्या नेटवर्कला जोडलं गेलं तर दिवस तिथूनच सुरू होऊ शकतात.

इमिग्रेशन आणि कस्टम्ससाठी जपान सरकारच्या साईटवर आधी माहिती भरून घेतलेला वेगळा क्यूआर दाखवता येतो. तो आणि ई-सिमचा क्यूआर यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ई-सिमचा कागद मी बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला होता. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा आईला एका बाकावर बसवलं, तिला पाणी दिलं आणि भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पावणेआठ होत आले होते. माझ्या फोनमध्ये अजून पुण्याची वेळ होती, साडेतीन तास मागे. नऊची मर्यादा फोनच्या घड्याळावरून मोजली असती तर मला भरपूर वेळ आहे असंच वाटलं असतं.

आधी विमानतळाचं फुकट वायफाय. नुसतं नाव निवडून जोडलं की काम होत नाही. एक पान उघडतं, त्यावर अटी मान्य कराव्या लागतात. ते पान पूर्ण होईपर्यंत वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह दिसत राहतं, म्हणजे जोडणी आहे पण इंटरनेट नाही. अशा अवस्थेत ई-सिम स्कॅन केलं तर कोड वाचला जातो आणि पुढच्या पायरीवर अडतं. म्हणून मी आधी ब्राउझरमध्ये एक बातम्यांचं पान उघडून पाहिलं. ते आलं, मगच पुढे गेले.

फोनमध्ये रस्ता असा होता: `Settings`, मग `Connections`, मग `SIM manager`, मग `Add eSIM`. तिथे स्कॅनचा पर्याय निवडला की कॅमेरा उघडतो. कागद मांडीवर सपाट धरला, विमानतळाच्या दिव्याची चकाकी त्यावर येत होती म्हणून जरा तिरका केला, आणि चौकोन जुळताच पडदा बदलला. आता पडद्यावर कंपनीचं नाव आणि हे ई-सिम जोडायचं का, असा प्रश्न. स्कॅन यशस्वी झालं याची खूण हीच: पडद्यावर तुम्ही जिच्याकडून घेतलंत त्या कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. कधीकधी मूळ नेटवर्क कंपनीचं नाव दिसतं, म्हणून मेलमध्ये दोन्ही नावं पाहून ठेवावीत. इथपर्यंत काही खर्ची पडलेलं नसतं. इथून मागे फिरलात तरी कोड पुन्हा वापरता येतो.

`Add` दाबलं आणि इन्स्टॉल सुरू झालं. हा पडदा सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण त्यावर एक गोल फिरत राहतो आणि दुसरं काहीच घडत नाही. एक-दोन मिनिटं लागतात, विमानतळाच्या वायफायवर थोडी जास्तही. या वेळात फोन लॉक होऊ द्यायचा नाही, दुसरं ॲप उघडायचं नाही आणि बसल्या जागेवरून हलायचं नाही, म्हणजे वायफाय तुटणार नाही. आई मधेच म्हणाली, "झालं का गं? त्याला फोन लाव ना." मी म्हटलं, "दोन मिनिटं थांब आई, आत्ता बोटसुद्धा लावायचं नाही." गोल थांबला आणि `SIM manager` च्या यादीत माझ्या भारतीय सिमच्या खाली एक नवी ओळ आली. त्या ओळीवर टिचकी मारून तिला "जपान" असं नाव दिलं, म्हणजे पुढे दोन सिममध्ये गोंधळ नको.

याच वेळी शेजारच्या बाकावर कोल्हापूरचे एक काका अगदी हवालदिल होऊन बसले होते. सहलीच्या ग्रुपबरोबर आलेले, हातात आयफोन. आमचं मराठी ऐकून म्हणाले, "ताई, तुम्हाला जमलं काय? माझा कोड बाद झालाय म्हणतोय बघा."

त्यांनी एकदा स्कॅन केलं होतं, नेट आलं नाही म्हणून पुन्हा तोच कोड स्कॅन केला आणि आता कोड वैध नाही असा संदेश येत होता. "काका, यातलं काही डिलीट केलंय का?" मी आधी तेच विचारलं. "न्हाई बा, अजून न्हाई. आता तेच करून पुन्हा घालणार हुतो." मी त्यांना थांबवलं. `Settings` मध्ये `Mobile Service` उघडायला सांगितलं. यादीत दोन लाइन होत्या. म्हणजे ई-सिम पहिल्याच वेळी फोनमध्ये उतरलं होतं. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. फोनने सिम उतरवून घेतलं की ते त्या फोनच्या `EID` ला बांधलं जातं आणि कोडचं काम संपतं. म्हणून दुसऱ्यांदा स्कॅन केल्यावर आलेला तो संदेश बिघाडाचा नव्हता, पहिलं स्कॅन यशस्वी झाल्याचीच ती खूण होती. त्यांनी ती लाइन डिलीट केली असती तर मात्र नवा कोड मागवावा लागला असता.

त्यांचं ई-सिम रोमिंगचं होतं, म्हणजे मूळ सिम दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं आणि जपानमध्ये ते पाहुणं म्हणून चालणार. अशा सिमला स्वतःचं `Data Roaming` चालू असावंच लागतं. आपल्याला सगळ्यांनी रोमिंग बंद ठेवा म्हणून बजावलेलं असतं, त्यामुळे ते बटण दाबायला हात धजावत नाही. "ह्ये चालू केलं तर बिल येणार की!" काका म्हणाले. ते बटण कुठल्या लाइनचं आहे हे त्यांना दाखवलं: भारतीय लाइनचं बंद, ई-सिमच्या लाइनचं चालू, आणि `Mobile Data` साठी ई-सिमची लाइन निवडलेली. मिनिटभरात त्यांच्या फोनवर मेसेजची रांग लागली. त्यांना कंपनीच्या साईटवर जाऊन वेगळं काही करावं लागलं नाही, कारण त्यांच्या प्रकारात जपानी नेटवर्कला पहिल्यांदा जोडलं जाणं हेच ॲक्टिव्हेशन होतं.

माझं तसं नव्हतं. माझी लाइन थेट जपानी होती आणि ती उघडायची विनंती कंपनीच्या पानावर जाऊन करायची होती. इन्स्टॉल झाल्यावर ई-सिमची लाइन चालू केली तरी सिग्नलच्या जागी सेवा नाही असंच दिसत होतं. हे अपेक्षित होतं. मेलमधल्या दुव्यावरून पान उघडलं, ऑर्डरचा क्रमांक आणि सिमच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे घातले. हा सिमचा क्रमांक म्हणजे `ICCID`, तो ८९ ने सुरू होतो आणि इन्स्टॉलनंतर फोनमध्येही बघता येतो. फोनमधला आणि मेलमधला जुळतोय का ते बघितलं, म्हणजे आपलंच सिम उतरलंय याची खात्री पटली.

पुढच्या पानावर `開通` असं लिहिलेलं एक मोठं बटण होतं. लाइन उघडण्याचं बटण ते हेच, भावाने त्याचं चित्र मला आधीच पाठवलं होतं. दाबण्याआधी तिथली छोटी अक्षरं भाषांतराच्या ॲपने वाचून घेतली: एकदा विनंती केली की ती रद्द होत नाही, थोडा वेळ लागेल, त्यानंतर फोन बंद करून पुन्हा चालू करा. घड्याळात आठ वाजून गेले होते. आजच केलं तर आजचा दिवस जवळजवळ वाया जाणार, हे दिसत होतं, पण पहिला दिवस इन्स्टॉल केल्यामुळे आधीच धरला गेला होता, आणि रात्री नऊनंतर विनंती केली असती तर सकाळपर्यंत फोन कोराच राहिला असता. बटण दाबलं. विनंती मिळाल्याचं पान आलं.

आईला घेऊन तिथेच बसून राहिले. वायफायवरून भावाला मेसेज टाकला, "उतरलोय, सिमचं चाललंय, कळवते." साधारण दहा मिनिटांनी फोन बंद करून चालू केला. सिग्नलच्या काड्या आल्या! पानावरही लाइनची अवस्था बदलून `利用中` झाली होती, म्हणजे वापरात आहे.

काड्या आल्या, पण वायफाय बंद करून पाहिलं तर एकही पान उघडेना. काड्यांशेजारी ४जी किंवा ५जी अशी अक्षरंही नव्हती. हाच तो टप्पा, जिथे बरेच लोक ई-सिम खराब आहे असं समजून ते काढून टाकतात. खरं तर यावेळी लाइन उघडलेली असते, नेटवर्कने फोनला ओळखलेलं असतं, फक्त इंटरनेटच्या दारातून आत कसं जायचं हे फोनला माहीत नसतं. त्या दाराचा पत्ता म्हणजे एपीएन. मेलमधला तो तक्ता यासाठीच होता. रोमिंगच्या ई-सिममध्ये तो बहुधा आपोआप भरलेला येतो. जपानमधल्या छोट्या कंपन्यांच्या सिमला मात्र अँड्रॉइड फोनमध्ये तो हाताने भरावा लागतो, आणि आयफोनमध्ये कंपनीची सेटिंगची छोटी फाइल उतरवून घ्यावी लागते. त्यासाठीही वायफाय लागतंच. म्हणून हे सगळं पूर्ण होईपर्यंत विमानतळाचं वायफाय सोडून निघू नये.

`Connections`, `Mobile networks`, `Access Point Names`. वर दोन सिमची नावं दिसतात, त्यातलं "जपान" निवडलं. भारतीय सिमचं एपीएन चुकून बदललं तर परत आल्यावर डोकेदुखी. `Add` दाबून तक्त्यातल्या चार गोष्टी भरल्या: नाव, एपीएन, युजरनेम आणि पासवर्ड. पाचवी गोष्ट ऑथेंटिकेशन टाइप, तो तक्त्यात दिल्याप्रमाणे `PAP or CHAP` निवडला. बाकीच्या रकान्यांना हात लावला नाही. अक्षरं सगळी छोटी, मधे मोकळी जागा नाही. मग वरच्या तीन ठिपक्यांतून `Save`, कारण नुसतं मागे गेलं तर भरलेलं जपून ठेवलं जात नाही, आणि यादीत परत येऊन नव्या नावाशेजारचा गोल निवडला. हा शेवटचा गोल निवडायचा राहिला तर सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही. `SIM manager` मध्ये मोबाइल डेटासाठी "जपान" निवडलेलं आहे ना, हेही पाहिलं.

काड्यांशेजारी ४जी आलं. भावाला व्हॉट्सॲपवर फोन लावला आणि आईच्या हातात दिला. ती त्याला पहिलं काय म्हणाली तर, "जेवलास का?"

व्हॉट्सॲपचं अनेक जण विचारतात. ते जुन्याच भारतीय नंबरवर चालू राहतं, डेटा कुठल्याही सिमचा असो. नवा नंबर घालायचा का असं ॲपने विचारलं तर नाही म्हणायचं. आमच्या लाइनला नुसता डेटा असला तरी कंपनीच्या पानावर तिचा एक क्रमांक दिसत होता, आणि तो ०२० ने सुरू होत होता. जपानमध्ये नुसत्या डेटाच्या लाइनना हे आकडे मिळतात. आईने चष्मा लावून बघितलं. "अगं, हा तर आपला पुण्याचा कोड!" पुढचे दोन दिवस ती हेच सगळ्यांना सांगत होती.

मेइतेत्सु रेल्वेची गाडी पकडून अर्ध्या तासात नागोया स्टेशनला पोचलो. गाडीत बसल्या बसल्या हॉटस्पॉट चालू करून आईचा फोन जोडून दिला. दुसऱ्या दिवशी एका तिकिटासाठी कार्ड वापरलं तेव्हा ओटीपी भारतीय सिमवर व्यवस्थित आला. एक सवय मात्र ठेवली: रोज रात्री सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही सिमचा वेगवेगळा वापर बघायचा. भारतीय सिमपुढे शून्य दिसलं की समाधान. डेटा किती उरला हे फोनपेक्षा कंपनीच्या पानावर बघावं, कारण फोन स्वतःच्या हिशेबाने मोजतो आणि कंपनी तिच्या. फोनमध्येच व्हिडिओ आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, असं लावून घेतलं होतं, म्हणून १० जीबी आम्हा दोघींना पुरले.

परतीच्या प्रवासात हाँगकाँगला उतरल्यावर ई-सिमची लाइन नुसती बंद केली, काढून टाकली नाही. पुण्यात घरी आल्यावर आधी मोबाइल डेटा भारतीय सिमवर परत आणला, दोन दिवस सगळं सुरळीत चाललंय हे पाहिलं, कार्डाच्या बिलात ई-सिमच्या कंपनीने ३,००० येनशिवाय दुसरी रक्कम लावलेली नाही याची खात्री केली आणि मगच `SIM manager` मधून "जपान" काढून टाकलं. आधी बंद केलेली डेटा बदलण्याची सोय पुन्हा चालू केली, आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार पुन्हा बंद केले.